मार्केटप्लेसवर विकताना: जवळच्या ग्राहकापर्यंत पोहोचायचं कसं आणि लबाड ग्राहक ओळखायचा कसा

वापरलेली वस्तू विकायची ठरली की बरेच जण आता फेसबुकवरचं मार्केटप्लेस उघडतात. ही सोय ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा गाभा साधा आहे: ज्याला वस्तू विकायची आहे आणि ज्याला ती हवी आहे, ते दोघं एकमेकांच्या जवळ राहत असतील तर त्यांची गाठ घालून द्यायची. वस्तू समोर ठेवून बघायची, पटली तर पैसे देऊन न्यायची. हे ‘जवळ असणं’ नीट समजलं की तुमची जाहिरात योग्य माणसाला दिसेल. फसवायला आलेला माणूस कुठे अडखळतो, हेही त्यातूनच कळतं.

उदाहरणासाठी एकच वस्तू धरू: पायानं चालवायचं, लाकडी टेबलासकट असलेलं, चालू स्थितीतलं शिलाई मशीन. जड वस्तू आहे. ती कोणी कुरिअरनं मागवत नाही, येऊन, चालवून बघूनच घेतो.

जाहिरात कोणाला दिसते

मार्केटप्लेस उघडणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी दोन गोष्टी ठरलेल्या असतात: एक ठिकाण आणि त्या ठिकाणाभोवतीचं अंतर, म्हणजे किती किलोमीटरच्या आतल्या वस्तू दाखवायच्या ते. तुम्ही जाहिरात टाकताना जे ठिकाण देता ते या वर्तुळात पडत असेल तर जाहिरात त्याला दिसू शकते. वर्तुळाबाहेर पडलं तर वस्तू कितीही चांगली असो, ती त्याच्या यादीत सहसा येणारच नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ठिकाण तपासणं. फॉर्ममध्ये अ‍ॅप स्वतःच एखादं ठिकाण भरून ठेवतं आणि घाईत आपण ते तसंच पुढे ढकलतो. घर बदललेलं असेल किंवा फोनला लोकेशनची परवानगी दिलेली नसेल, तर तिथे जुनंच गाव असू शकतं. मग जाहिरात भलत्याच भागातल्या लोकांना दिसते आणि ‘कोणी विचारतच नाही’ असं वाटत राहतं. वस्तू प्रत्यक्षात जिथून न्यायची आहे, तोच भाग टाका. घराचा नेमका पत्ता टाकायची गरज नाही. ग्राहकाला नकाशावर साधारण परिसर दिसला तरी पुरतं.

आता एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुढे तिचं काम आहे. ग्राहकाचं ठिकाण ग्राहक स्वतः बदलू शकतो. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसानं सेटिंगमध्ये तुमच्या गावाचं नाव निवडलं की त्याला तुमच्या भागातल्या सगळ्या जाहिराती दिसतात. म्हणजे ‘मला मेसेज आला, त्या अर्थी हा माणूस इथलाच असणार’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

जवळच्या लोकांमध्येही वर कसं यायचं

वर्तुळाच्या आत आल्यावर पुढचा प्रश्न असतो शोधाचा. ग्राहक शब्द टाइप करतो आणि अ‍ॅप ते शब्द तुमच्या शीर्षकाशी, वर्णनाशी आणि वर्गवारीशी जुळवून बघतं. ‘मशीन विकणे आहे’ असं शीर्षक दिलं तर ते धुण्याचं मशीन की शिलाईचं, हे ना ग्राहकाला कळतं ना अ‍ॅपला. त्याऐवजी ‘शिलाई मशीन, पायानं चालणारं, लाकडी टेबलासह, चालू स्थितीत’ असं लिहा. वर्णनात कंपनीचं नाव, मॉडेल, मोटर बसवता येते का, सोबत काय काय मिळेल (बॉबिन, सुया, पट्टा) आणि दोष असला तर तोही लिहा. आपल्याकडे लोक शोधताना मराठी शब्द इंग्रजी लिपीत टाकतात, कधी सरळ इंग्रजी शब्द टाकतात. म्हणून वर्णनाच्या शेवटी तेच नाव आणखी एक-दोन रूपांत लिहिलेलं चांगलं. मात्र संबंध नसलेल्या शब्दांची रांग लावू नका. ती जाहिरात स्पॅमसारखी दिसते आणि चुकीचे ग्राहक आणते.

बहुतेक नवखे विक्रेते वर्गवारी आणि वस्तूची स्थिती हे रकाने जेमतेम भरतात. पण ग्राहक यादी गाळून बघू शकतो: अमुक किमतीच्या आत, अमुक स्थितीतली, गेल्या आठवड्यात टाकलेली. तुमचा रकाना चुकीचा असेल तर त्या गाळणीत तुमची जाहिरात बाहेर पडते, आणि तुम्हाला ते कळतही नाही. किमतीचंही तसंच आहे. लक्ष वेधायला किंमत १ किंवा ० टाकायची आणि ‘खरी किंमत मेसेजमध्ये’ म्हणायचं, हा प्रकार खूप दिसतो. तो करू नका. खरोखर घ्यायला निघालेला माणूस किमतीची मर्यादा लावूनच शोधतो. त्याच्या यादीतून तुम्ही गळता, आणि उरतात ते नुसते चौकशी करणारे.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. मशीन पूर्ण, मग सुईचा भाग, टेबलाचा वरचा पृष्ठभाग, पायाचा पट्टा आणि जिथे ओरखडा किंवा गंज आहे तो भाग जवळून. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लावला तर समजदार ग्राहक तुमच्यावरच संशय घेतो, आणि तो बरोबरच असतो. फोटोच्या मागे घराचा नंबर, वीजबिल किंवा मुलांच्या शाळेचं ओळखपत्र दिसत नाही ना, हे एकदा बघा. फोन नंबर वर्णनात लिहू नका. नंबर गोळा करणारे लोक जाहिराती चाळतच असतात, आणि खऱ्या ग्राहकाला अ‍ॅपमधला मेसेज पुरतो.

जाहिरात टाकताना ती तुमच्या भागातल्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्येही टाकायचा पर्याय येतो. तो वापरा. काही दिवस कोणी विचारलं नाही तर जाहिरात काढून पुन्हा पुन्हा नव्यानं टाकण्यापेक्षा ‘Renew’ हा पर्याय आला आहे का बघा, किंमत थोडी कमी करा, पहिला फोटो बदला. एकच वस्तू सारखी नव्यानं टाकली की अ‍ॅप तिला स्पॅम समजू शकतं. पैसे देऊन बूस्ट करणं मला एका घरगुती वस्तूसाठी फारसं पटत नाही. ठिकाण, शीर्षक आणि किंमत बरोबर असेल तर पहिले खरे मेसेज त्याशिवायच येतात.

पहिला मेसेज काहीच सांगत नाही

जाहिरात टाकल्यावर बहुधा पहिला मेसेज येतो तो ‘Is this available?’ हा. वाचून आनंद होतो, पण हे वाक्य माणसानं लिहिलेलं नसतं. जाहिरातीखालचं एक बटण दाबलं की ते आपोआप जातं. खरा ग्राहकही तेच दाबतो, लबाडही तेच दाबतो, आणि नुसता चाळा म्हणून दाबणारेही पुष्कळ असतात. त्यावरून काही ठरवू नका. उत्तर मात्र लवकर द्या, कारण खरा ग्राहक एकाच वेळी तीन-चार विक्रेत्यांना विचारत असतो.

ओळख पटायला लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजपासून. म्हणून उत्तरात नुसतं ‘हो’ लिहू नका, एक प्रश्नही जोडा: “हो, आहे. चालवून बघता येईल. तुम्ही कोणत्या भागातून येणार, आणि कधी जमेल?” या एका ओळीनं बरंच काम होतं.

आता दोन संभाषणं शेजारी ठेवून बघू. पहिला ग्राहक लिहितो: “मोटर बसते का याला? आईला शिवायचं आहे, पाय दुखतात तिचे. टेबल सुटं होतं का, गाडीत बसवायचं आहे. किंमत थोडी कमी होईल? रविवारी सकाळी येऊ शकतो.” हा माणूस वस्तूबद्दल बोलतो आहे. टेबल गाडीत कसं बसेल याचा विचार तो करतो आहे, कारण ते न्यायला त्याला खरोखर यायचं आहे. घासाघीस करतो आहे, कारण पैसे त्याच्या खिशातून जाणार आहेत.

दुसरा लिहितो: “किंमत मान्य आहे. मी घेतो, दुसऱ्या कोणाला देऊ नका. सध्या मी कामानिमित्त बाहेर आहे, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल. पैसे आत्ताच पाठवतो, तुमचा नंबर द्या.” वाचायला हे किती सोयीचं वाटतं! घासाघीस नाही, प्रश्न नाहीत, पैसे आधीच. पण नीट बघा: मशीन चालतं का हेही त्यानं विचारलेलं नाही. वस्तूबद्दल एक अक्षर नाही, सगळं बोलणं पैशाच्या मार्गाबद्दल. आणि तो स्वतः येणार नाही, हे त्यानं पहिल्याच दमात सांगून टाकलं आहे.

इथे मघाची गोष्ट उपयोगी पडते. तो जवळ नाहीच. त्यानं फक्त ठिकाण बदलून तुमची जाहिरात शोधली आहे. त्यामुळे काहीही कारण काढून भेट टाळणं त्याला भाग असतं: प्रवासात आहे, बदलीवर आहे, हॉस्पिटलमध्ये आहे. कारणं बदलतात, न येणं तेवढं बदलत नाही. जवळचा ग्राहक मिळवून देणाऱ्या व्यवस्थेत जो ग्राहक येऊच शकत नाही, त्याच्याबद्दल आधी शंका घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी खरोखर बाहेरगावी असेल तर तो परत आल्यावर वस्तू बघेल, किंवा व्हिडिओ कॉलवर मशीन चालवून दाखवा म्हणेल. लबाडाला वस्तू बघायचीच नसते.

पैसे पाठवतो म्हणून पैसे काढतात ते कसे

नंबर दिलात की पुढचा खेळ सुरू होतो. त्याची रूपं अनेक आहेत, पण तीन नीट समजली की बाकीची ओळखू येतात.

पहिलं रूप सर्वांत जास्त दिसणारं: क्यूआर कोड किंवा पैशाची मागणी. तो म्हणतो, “मी कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.” विश्वास बसावा म्हणून आधी अगदी छोटी रक्कम कधी कधी खरंच पाठवली जाते. मग मोठा कोड येतो. तुम्ही स्कॅन करता, पडद्यावर त्याचं नाव, रक्कम आणि खाली ‘Pay’ असं बटण येतं, आणि अ‍ॅप पिन मागतं. इथे थांबून पडदा वाचायचा. समोरच्याचा कोड आपण स्कॅन केला म्हणजे आपण त्याला पैसे देतो आहोत. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, कोणतीही मागणी मंजूर करावी लागत नाही. खरोखर पैसे द्यायचे असतील तर तुमचा कोड त्यानं स्कॅन करायचा. तो त्याच वेळी फोनवर बोलत राहतो, “लवकर करा, वेळ संपतो आहे” म्हणतो, याचं कारण एवढंच की तुम्हाला पडदा वाचायला सवड मिळू नये.

दुसरं रूप म्हणजे जास्त पैसे आल्याचा देखावा. तुमच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, पण रकमेत एक शून्य जास्त असतं. लगेच फोन: “चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा, माझी फार अडचण आहे.” तुम्ही प्रामाणिक असता, लाजता आणि लगेच परत करता. मुळात आलेलं काहीच नसतं. तो मेसेज बँकेचा नसून साध्या नंबरावरून टाइप करून पाठवलेला असतो, किंवा बनवलेला स्क्रीनशॉट असतो. तपासायचं कसं? त्यानं पाठवलेलं काही उघडून नाही, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. आपल्या बँकेचं अ‍ॅप आपण स्वतः उघडायचं आणि जमा-खर्चाच्या नोंदीत ती रक्कम आहे का आणि शिल्लक वाढली आहे का ते बघायचं. नोंद नसेल तर पैसे आलेले नाहीत, समोरचा काहीही दाखवो.

या प्रकाराला एक अधिक अवघड बाजू आहे. कधी कधी पैसे खरंच जमा झालेले दिसतात, पण ते दुसऱ्या कोणाच्या चोरलेल्या खात्यातून आलेले असतात किंवा न वटणाऱ्या चेकचे असतात. काही दिवसांनी बँक ते मागे घेते आणि तुम्ही ‘परत’ केलेले मात्र गेलेलेच राहतात. म्हणून ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त आले तर स्वतः काहीही परत पाठवू नका. आपल्या बँकेला फोन करा, चुकीची रक्कम बँकेमार्फतच परत जाऊ द्या. खऱ्या माणसाला याची हरकत नसते.

तिसरं रूप पैशांचं नाही असं वाटतं, म्हणून जास्त फसवतं. तो म्हणतो, “इथे खोटे विक्रेते फार आहेत. तुम्ही खरे आहात याची खात्री करायला एक सहा अंकी कोड पाठवला आहे, तो सांगा.” तो कोड तुमच्या फोनवर येतो, पण पाठवलेला त्यानं नसतो. तो तुमच्या नंबरावरून कुठल्या तरी खात्यात शिरायचा प्रयत्न करतो आहे, किंवा तुमच्या नंबरावर नवं खातं उघडतो आहे, आणि त्या सेवेनं तुम्हाला विचारलं आहे की हे तुम्हीच ना. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून फोन नंबर देणाऱ्या सेवेच्या कोडबद्दल नेमका हाच इशारा दिलेला आहे: विक्रेत्याचा नंबर वापरून तिथे खातं उघडायचं आणि मग त्या नंबराआडून इतरांना फसवायचं. मशीन विकायला तुमच्या फोनवर आलेला कोणताही कोड दुसऱ्याला सांगावा लागत नाही.

‘कुरिअरचा विमा आधी भरा’, ‘पैसे मिळवायला या लिंकवर कार्डाची माहिती भरा’ हे सगळे याच घराण्यातले. दरवेळी पैसे घेणाऱ्यालाच काहीतरी द्यावं, भरावं किंवा सांगावं लागतं.

प्रोफाइल बघा, पण त्यावर विसंबू नका

ग्राहकाच्या नावावर टॅप केलं की खातं कधीचं आहे हे बहुधा दिसतं. कालच उघडलेलं खातं, एकच फोटो, आसपासच्या भागाशी काही संबंध नाही, असं असेल तर सावध व्हा. पण जुनं, भरलेलं खातं म्हणजे माणूस खराच, असंही नाही. लबाड लोक चोरलेली जुनी खाती वापरतात. उलट नव्या खात्यावरून विचारणारा एखादा साधा माणूसही असू शकतो. म्हणून प्रोफाइलवरून शंका वाढवा किंवा कमी करा, निर्णय मात्र वागण्यावरून घ्या. ‘या, चालवून बघा, पसंत पडलं तर तिथेच पैसे द्या’ असं तुम्ही लिहिलं की खरा ग्राहक खूश होतो, कारण यात त्याचाही फायदा आहे. लबाड चिडतो, घाई करतो किंवा गप्प होतो. ही परीक्षा फुकट आहे आणि एका मेसेजमध्ये होते.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ असं सुरुवातीलाच म्हणणाऱ्याला थोडं थांबवा. अ‍ॅपमधलं संभाषण तक्रार करताना पुरावा म्हणून उपयोगी पडतं. बाहेर गेलात की तो धागा तुटतो. भेट ठरल्यावर नंबर देणं वेगळं.

वस्तू देताना

छोटी वस्तू असेल तर वर्दळीच्या जागी, दिवसा भेटा. शिलाई मशीन उचलून चौकात नेता येत नाही, म्हणून ते आधीच इमारतीच्या दाराशी किंवा पार्किंगमध्ये आणून ठेवा आणि घरातलं कोणीतरी सोबत असू द्या. ग्राहकाला तिथेच कापडाच्या तुकड्यावर दोन टाके घालून बघू द्या. पैसे खात्यात घ्यायचे असतील तर तुमचा कोड त्याला दाखवा, आणि तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसेपर्यंत मशीन गाडीत चढू देऊ नका. त्याच्या फोनवरची हिरवी खूण तुमच्या उपयोगाची नाही. एखाद वेळी नेटवर्कमुळे पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढं थांबायला सांगण्यात उद्धटपणा नाही. आधी ठरवून ठेवलेला माणूस येईपर्यंत जाहिरातीवर ‘Mark as pending’ करून ठेवता येतं, म्हणजे बाकीच्यांना कळतं.

लबाड ग्राहक ओळखू आला तर वाद घालू नका, त्याला शिकवायलाही जाऊ नका. संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, त्याच संभाषणातून रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर काही वेळा संभाषण शोधायलाच त्रास होतो, म्हणून हा क्रम पाळा.

आणि पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, त्याच मिनिटाला. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या थोड्या वेळातच असते. मग पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार, सोबत स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक. कोड सांगून बसला असाल तर ज्या सेवेच्या नावानं तो कोड आला होता तिचा पासवर्ड लगेच बदला आणि सेटिंगमध्ये जाऊन बाकीच्या सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करा. यानंतर काही दिवसांत ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्यालाही काही देऊ नका. फसलेल्या लोकांच्या याद्या फिरत असतात आणि हा माणूस त्यातूनच आलेला असतो.

विक्री नीट पार पडली तर त्याच दिवशी जाहिरातीवर ‘Mark as sold’ करा. तसं केलं नाही तर जवळच्या लोकांना ती दिसत राहते आणि रोज ‘आहे का?’ असे मेसेज येत राहतात.